वारशातला दागिना किती जुना?

वारशात आलेल्या दागिन्यावर सहसा कुठलीच तारीख नसते. भारतात सोन्यावर भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क २००० सालापासून मिळू लागला आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक २०२१ पासून आला. त्याआधीच्या दागिन्यावर फार तर सराफाच्या दुकानाचा शिक्का असतो, पुष्कळदा तोही नसतो. त्यामुळे आजीच्या पेटीतून निघालेला तन्मणी किंवा कुड्यांचा जोड 'शंभर वर्षांपूर्वीचा' की 'पेशवेकाळातला' हे घरातल्या सांगण्यावरच ठरते. घरातले सांगणे खोटे नसते, पण ते बहुतेकदा दागिना कोणाकडून आला एवढेच सांगते. मधल्या काळात तो कितीदा मोडला, जोडला, वाढवला, याची आठवण कुणाला नसते. ते दागिन्याच्या अंगावरच वाचावे लागते. त्यासाठी चार जागा पाहायच्या असतात: खड्यांचे पैलू, अडकवण्याची सोय, हाताच्या कामाच्या खुणा आणि वापराने चढलेली झाक.

वाचायला बसण्यापूर्वी एक नियम पक्का ध्यानात घ्यायला हवा. कोणतीही खूण दागिन्याचे वय थेट सांगत नाही; ती फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढेच सांगते. नाण्यांच्या माळेत हे सर्वांत स्पष्ट दिसते. माळेत १९१८ ची गिन्नी असेल, तर ती माळ १९१८ च्या आधी ओवलेली असणे शक्य नाही. त्या वर्षी मुंबईच्या टांकसाळीत गिन्न्या पाडल्या गेल्या होत्या. घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीवर रोमन 'आय'चे बारीक अक्षर असलेली गिन्नी ही तीच. पण माळ १९१८ सालीच झाली असे यावरून म्हणता येत नाही, कारण गिन्नी पुढे वीस-तीस वर्षे कपाटात पडून राहू शकते. खडा, आकडा, झाळ यांचेही असेच. प्रत्येक भागाला आपापली 'याच्या आधीचा नाही' अशी मर्यादा असते. त्यांतली सर्वांत अलीकडची मर्यादा संपूर्ण दागिन्याला लागू होते, मात्र तो भाग मूळचा असेल तरच. मागाहून बसवलेला असेल, तर तो फक्त दुरुस्तीचा काळ सांगतो. म्हणून वय ठरवण्याचे निम्मे काम हे मूळचे काय आणि मागाहूनचे काय हे वेगळे करण्याचे असते.

साधने थोडीच लागतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग, खिडकीतला दिवसाचा उजेड, पांढरा कागद आणि ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा काटा पुरे होतो. दागिना धुऊ नये. तो का, हे पुढे येईल.

खड्यांपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण हिऱ्याचे पैलू पाडण्याच्या पद्धती काळानुसार बदलल्या आणि हिरा झिजत नसल्याने त्या जशाच्या तशा टिकल्या. महाराष्ट्रातल्या जुन्या दागिन्यांत तीन प्रकारचे हिरे प्रामुख्याने भेटतात. पहिला प्रकार म्हणजे चपटी पोलकी. हा खाणीतून निघालेल्या हिऱ्याचा पातळ तुकडा असतो, वरून जेमतेम घासलेला, बाह्यरेषा वेडीवाकडी. दुसरा गुलाब-घाटाचा, म्हणजे तळ सपाट आणि वर त्रिकोणी पैलूंचा छोटा घुमट. तिसरा जुना ब्रिलियंट. त्याला वर-खाली दोन्हीकडे पैलू असतात, पण त्याची मापे आजच्या हिऱ्याची नसतात.

जुना ब्रिलियंट ओळखायला वरून सरळ पाहावे. मध्यभागी एक बारीकसे वर्तुळ किंवा ठिपका दिसला, तर तो तळाचा कापलेला टोक-पैलू असतो. जुने कारागीर तळाचे टोक अणकुचीदार ठेवण्याऐवजी थोडे कापून टाकीत, म्हणजे ते टवका उडून फुटत नसे. नंतर बाजूने पाहावे. जुन्या हिऱ्याचा माथा उंच असतो, वरचा सपाट पैलू लहान असतो आणि कंबरेची रेषा नेमकी गोल नसून उशीसारखी चौकोनी-गोलसर असते. कच्च्या हिऱ्याचा मूळ आकार सांभाळून जास्तीत जास्त वजन राखणे हे त्या कारागिराचे उद्दिष्ट होते, आणि कंबर गोल करण्यासाठी एका हिऱ्यावर दुसरा हिरा हाताने घासावा लागे. १८७० च्या दशकापासून हे काम यंत्रावर होऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरा कापणारी यंत्राची करवत आली आणि नेमका गोल हिरा स्वस्तात मिळू लागला. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी प्रकाशाच्या गणिताने गोल हिऱ्याची मापे काढून लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. वरचा पैलू कंबरेच्या रुंदीच्या सुमारे ५३ टक्के, माथा बेताचा आणि तळ टोकदार, असे त्याचे प्रमाण होते. पुढच्या दोन दशकांत हा घाट हळूहळू सर्वत्र पसरला. म्हणून मोठा सपाट पैलू, नेमका गोल आणि तळाला टोक असा हिरा असेल, तर तो १९२० च्या आधीचा नाही, आणि भारतीय दागिन्यात तर बहुधा त्यापुढचा.

उलट दिशेने मात्र हा तर्क चालत नाही. पोलकी आणि गुलाब-घाटाचे हिरे आजही कापले जातात आणि जयपूरच्या जडावकामात रोज वापरले जातात. शिवाय आपल्याकडे जुना दागिना मोडून त्यातले खडे नव्यात घालण्याची रीत फार जुनी आहे. पणजीच्या कुडीतले हिरे नातसुनेच्या अंगठीत असतात आणि अंगठी १९८५ ची असते. त्यामुळे जुना पैलू म्हणजे जुना दागिना असे नव्हे. नवा पैलू मूळच्या कोंदणात असेल, तर मात्र दागिना नवा आहे, यात शंका राहत नाही.

रंगीत खड्यांत एक तारीख फार उपयोगी पडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नेई यांनी ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची पद्धत १९०२ साली जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत असे माणिक जगभर विकले जाऊ लागले. रासायनिकदृष्ट्या ते माणिकच असते, कसही तसाच, म्हणून कठीणपणा तपासून ते ओळखता येत नाही. भिंगातून आत पाहिले तर ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेषांसारख्या वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसतात. खाणीतल्या माणकात रेषा असल्या तर त्या सरळ असतात आणि कोन करून वळतात. नथीतले किंवा कुडीतले मधले माणिक वक्र रेषांचे निघाले, तर ते १९०२ च्या पुढचे. पांढऱ्या खड्यांसाठी अशीच मर्यादा १९७६ ची आहे. ज्याला बाजारात 'अमेरिकन डायमंड' म्हणतात तो झिर्कोनियाचा खडा तेव्हापासून व्यापारी प्रमाणात आला.

मोत्यांची तारीख भोकाशी वाचतात. बसरा म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती. तो आतून बाहेरपर्यंत कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांनी वाढलेला असतो. संवर्धित मोत्याच्या पोटात शिंपल्याचा गोल मणी घातलेला असतो आणि त्यावर मोत्याचा थर चढलेला असतो. भोकाच्या तोंडाशी भिंग धरून तिरका उजेड टाकला की मणी आणि थर यांच्यामधली गडद रेषा दिसते. जपानमध्ये मिकिमोतो यांनी अर्धगोल संवर्धित मोती १८९३ मध्ये मिळवले. पूर्ण गोल मोती बाजारात यायला १९२० चे दशक उजाडले, आणि ते येताच नैसर्गिक मोत्यांचा भाव कोसळू लागला. त्यामुळे मणी दिसला तर सर १९२० नंतरचा. मणी दिसला नाही तर भिंगाने निकाल लागत नाही. तो प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण चित्रानेच लागतो. हा खर्च करण्यासारखा असतो, कारण बसरा मोत्यांचा सर आणि संवर्धित मोत्यांचा सर यांच्या किमतीत पुष्कळ पट फरक पडतो.

खडा कसा बसवला आहे हे खड्याइतकेच बोलते. कोंदणात खड्याभोवती शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबून बसवतात. शुद्ध सोने इतके मऊ असते की स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की उष्णतेशिवाय एकजीव होतात. खड्याखाली लाख असते आणि लाखेवर चकाकता डांक, म्हणजे चांदीचा किंवा रंगीत धातूचा पातळ पत्रा. डांकामुळे पातळ पोलकीही चमकते. लाख वितळते, म्हणून कोंदणाशेजारी झाळकाम करता येत नाही. झाळायचे असेल तर खडे आणि लाख बाहेर काढून सगळे पुन्हा भरावे लागते. कोंदणाच्या लगेच शेजारी नवी झाळ दिसली, तर तिथले खडे एकदा तरी बाहेर आले होते असे धरून चालावे. खड्याला चारी बाजूंनी नखे धरून ठेवतात आणि मागून उजेड आरपार येऊ देतात ती जडण पाश्चात्त्य वळणाची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथल्या दागिन्यांत रुळू लागली.

डांकामुळेच दागिना धुऊ नये असे सांगावे लागते. पाणी कोंदणाच्या फटीतून आत गेले की डांक काळवंडतो आणि पोलकी कायमची निस्तेज होते. ध्वनिलहरींच्या यंत्रात टाकलेला जडावाचा दागिना तर खडे सोडून बाहेर येऊ शकतो. एकदोन खडे मंद आणि बाकीचे झळझळीत असतील, तर खडे वेगळे आहेत असे लगेच समजू नये. खाली काळा पडलेला डांक असू शकतो. त्याचे काळेपण कडेकडून आत शिरलेले दिसते.

अडकवण्याची सोय ही दागिन्यातली सर्वांत फसवी आणि तरीही सर्वांत बोलकी जागा आहे. ती पहिल्यांदा झिजते, म्हणून पहिल्यांदा बदलते. जुन्या मराठी गळ्यातल्यांना आकडा नसेच. दोन्ही टोकांना सोन्याच्या कड्या असत आणि पटवेकरी त्यांत रेशमी किंवा कलाबतूचा दोर ओवून सरकती गाठ आणि गोंडा बांधून देई. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी यांच्या टोकाच्या कड्या बारीक तारेच्या, पण दोर सहज जाईल इतक्या मोठ्या असतील, तर मूळची सोय दोराचीच होती. तिला आज साखळी आणि स्प्रिंगची गोल कडी लावलेली असेल, तर ती कडी विसाव्या शतकातली. चिमट्यासारख्या उघडणाऱ्या, टोकाला वळलेल्या आकड्याचे वय तर आणखी कमी. तो १९७० नंतर सर्रास झाला.

कानातल्यांची फिरकी पाहण्यासारखी असते. यंत्राच्या फिरकीचे आटे एकसारखे आणि एकाच खोलीचे असतात आणि ती कुठल्याही जोडीदार दांडीवर बसते. हाताने पाडलेले आटे कमी-जास्त खोल असतात. उजव्या कुडीची फिरकी डाव्या कुडीवर घातली की अर्ध्यात अडते. अशा जोडात कधी कधी एका फिरकीवर आणि तिच्या दांडीवर सारखी खूण केलेली दिसते, म्हणजे अदलाबदल होऊ नये. ब्रोच, म्हणजे पदराला लावण्याची पिन, घरात असेल तर तिच्या मागचे अडकवण्याचे साधन पाहावे. साधा वळलेला आकडा आणि त्यातून पुढे बाहेर डोकावणारे सुईचे टोक हे व्हिक्टोरियन काळातले वळण. फिरवून बंद होणारी सुरक्षित कडी असेल, तर ब्रोच विसाव्या शतकातला. चापाची नथ न टोचलेल्या नाकासाठी असते. ती नव्या काळातली सोय आहे आणि मूळच्या तारेच्या नथीला मागाहून चाप लावून घेण्याची रीत सर्वत्र आहे. चाप दिसला म्हणून नथ नवी, असे म्हणू नये.

मूळचे की मागाहूनचे, हे जोडाच्या जागी समजते. सोनार झाळताना दागिन्यापेक्षा आधी वितळणारी, म्हणून थोड्या हलक्या कसाची झाळ वापरतो. तिचा रंग आजूबाजूच्या सोन्याहून किंचित फिकट असतो. मूळच्या झाळीवर वर्षानुवर्षांची घासण चढून ती आसपासच्या सोन्याशी गुळगुळीत मिसळलेली असते. नव्या झाळीची कड उठून दिसते, तिच्याभोवती कानशीचे ताजे ओरखडे असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅडमियमची झाळ वापरात होती आणि त्या काळच्या दागिन्यांवर 'केडीएम' असा शिक्का मारत. तो असेल तर काळाचा प्रश्न तिथेच सुटतो. १४ कॅरटचा शिक्काही बोलका असतो. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घातली. ती १९६६ मध्ये उठली. पारंपरिक घाटाचा १४ कॅरटचा दागिना या तीन वर्षांतला असण्याचा संभव मोठा असतो.

हाताच्या कामाच्या खुणा पुढच्या बाजूला शोधू नयेत. पुढची बाजू कारागीर ओप देऊन एकसारखी करतो. दागिना उलटावा आणि जिथे कुणी पाहत नाही तिथे पाहावे. हाताने ओढलेल्या तारेवर जंतराच्या भोकाने पडलेल्या लांबट समांतर रेषा असतात आणि तारेची जाडी अगदी थोडी कमी-जास्त होते. ठुशीचे मणी पोकळ असतात, दोन अर्ध्या वाट्या झाळून केलेले. जुन्या मण्यांच्या कमरेची सांधरेषा काही मण्यांवर मध्यावर, काहींवर बाजूला सरकलेली दिसते. रव्यांचे काम असेल तर रवे मोजावेत. हाताने वितळवून केलेले रवे आकाराने सारखे दिसले तरी नसतात आणि एखादा रवा शेजाऱ्यात मिसळून गेलेला असतो. ठशात दाबलेल्या पानाफुलांत मात्र शंभर पाने तंतोतंत एकच चूक घेऊन येतात. एका पानाच्या देठाशी असलेला चरा सर्व पानांच्या देठाशी असतो. ओतकामाचा दागिना वेगळाच. आतल्या कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढी बारीक भोके, कडा किंचित गोलसर आणि मागच्या बाजूची पृष्ठरचना दाणेदार. मेणाच्या साच्यांवरून एकाच घाटाचे अनेक नग ओतण्याची पद्धत दागिन्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पसरली आणि भारतात त्यापुढे.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. हाताने घडवलेला म्हणजे जुना, हे समीकरण भारतात चालत नाही. कोल्हापूरच्या गुजरीत, पुण्यात, जयपुरात आजही तार हाताने ओढली जाते आणि कोंदण हाताने भरले जाते. हाताच्या खुणांनी 'हा दागिना यंत्राचा नाही' एवढे सिद्ध होते. वय ठरते ते त्या खुणांवर चढलेल्या झिजेवरून.

झीज आणि झाक यांच्याकडे शेवटी जावे, कारण बाकी सर्व खुणांची साक्ष त्यांनी पडताळून पाहता येते. २२ कॅरटच्या सोन्याला चांदीसारखा गंज चढत नाही. त्याची झाक म्हणजे हजारो बारीक ओरखड्यांनी आलेला मऊपणा. आरशासारखी चकाकी निघून जाते आणि मेणाच्या पृष्ठभागासारखी तुकतुकी येते. कडांची धार जाते, खोलगट जागी मात्र मूळचा ओप आणि मळ टिकून राहतो. एकमेकींत अडकलेल्या कड्यांची जिथे घासण होते तिथली तार बारीक होते, कडी गोल न राहता अंडाकृती होते. चांदीचे पैंजण, वाळे किंवा तोडे असतील तर गोष्ट रंगाची असते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळी होते. उंच भागावरचा काळेपणा वापरात पुसला जातो, खोलगट जागी साठतो.

झीज खरी आहे का, हे ओळखायची रीत साधी आहे. दागिना कुठे घासला असेल याचा विचार करावा आणि तिथेच पाहावे. तन्मण्याचे खोड गळ्याशी मागच्या बाजूने घासते, म्हणून त्याची पाठ गुळगुळीत व्हायला हवी. पाटलीची बाहेरची कड दुसऱ्या पाटल्यांवर, गोठांवर आपटते, आतली कमी झिजते. नथीची तार नाकातून जाते त्या भागात पातळ होते. झीज या नियमांप्रमाणे नसेल, तर ती मुद्दाम आणलेली असते. बाजारात 'जुना' म्हणून विकायच्या चांदीला गंधकाच्या द्रावणात बुडवून काळे करतात. ते काळेपण सगळीकडे सारखे असते, घासणीच्या जागीही असते आणि ओल्या कापसाने रगडले की कापसाला लागते. खरी झाक पातळ थरांनी बसलेली असते आणि ती इतक्या सहज सुटत नाही. वारशातल्या दागिन्यात फसवणुकीचा हेतू क्वचितच असतो, पण बनावट झाक ओळखता आली की खरी झाक अधिक भरवशाने वाचता येते. म्हणूनच जुना दागिना सराफाकडे नेऊन 'उजाळून' आणणे ही सर्वांत मोठी हानी. एका उजाळ्यात पृष्ठभागाचा वरचा थर आणि त्याबरोबर साठ-सत्तर वर्षांची साक्ष निघून जाते, शिवाय सोन्याचे वजनही थोडे घटते.

हे सारे एका दागिन्यावर कसे चालते ते पाहू. समजा, वारशात तन्मणी आला आहे आणि तो 'खापरपणजीच्या लग्नातला, १८८० च्या आसपासचा' असे घरात मानले जाते. मोत्यांचे चार सर, मध्ये खोड, खोडात मध्यावर लाल खडा आणि भोवती अकरा पांढरे खडे. खाली हिरवा लोलक. टोकांना साखळी आणि चिमट्यासारखा आकडा.

आकडा पाहताच तो १९७० नंतरचा हे कळते. पण टोकाच्या कड्यांत पाहिले तर त्या मोठ्या आहेत, त्यांची झीज अंडाकृती आहे आणि साखळी त्यांना ज्या बारीक कडीने जोडली आहे तिची झाळ फिकट आणि ताजी आहे. म्हणजे मूळची सोय दोराची होती. आकड्याची तारीख दागिन्याला लागू नाही. मोत्यांपैकी तीन सरांत भोकाशी रेषा दिसत नाही, चौथ्यात मण्याची रेषा स्पष्ट आहे. चौथा सर १९२० नंतरचा, पण सरही ओवून बदलता येतात, म्हणून यावरून खोडाविषयी काहीच ठरत नाही. आता खोड. अकराही पांढरे खडे पोलकीचे, त्यांतले दोन मंद, कडेकडून काळे: डांकात पाणी गेलेले. पोलकीने जुनेपणाची अट पुरी होते, एवढेच. मध्यावरच्या माणकात मात्र भिंगातून वक्र रेषा आणि एक गोल बुडबुडा दिसतो. खडा १९०२ नंतरचा आहे.

आता सगळे एकाच प्रश्नावर येऊन ठरते: हे माणिक मूळचे की मागाहून बसवलेले? त्यासाठी त्याच्या भोवतीचे कोंदण शेजारच्या पोलकीच्या कोंदणाशी ताडून पाहायचे. दोन्हींची रुंदी, दाबाच्या खुणांची ठेवण, झिजेची पातळी आणि सोन्याचा रंग सारखा असेल, तर ते एकाच हाताने, एकाच वेळी केलेले. अशा वेळी खोड १९०२ नंतर घडले आणि १८८० ची घरातली तारीख मागे घ्यावी लागते. माणकाभोवतीचे कोंदण जास्त रुंद, चकाकते आणि कडेला उचललेले असेल, तर मूळचा खडा पडल्यावर नवा बसवला आहे, आणि खोडाचे वय माणकावरून ठरत नाही.

समजा कोंदण सारखे निघाले आणि खोडाची पाठ मऊ, कडा बोथट आहेत. तर निष्कर्ष असा: खोड १९०२ नंतरचे आणि दोराच्या सोयीवरून बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, तीन सर बहुधा खोडाबरोबरचे किंवा त्याहून जुने, चौथा मागाहूनचा, आकडा गेल्या पन्नास वर्षांतला. खापरपणजीची गोष्ट पूर्णपणे खोटी ठरत नाही. तिच्या तन्मण्याचे मोती पुढच्या पिढीने नव्या खोडाला लावून घेतले असतील, कारण मोती मोडायचे नसत. घरात १९१५ किंवा १९३० च्या सुमाराचा लग्नातला फोटो असेल तर तो इथे पुरावा होतो. तन्मणी गळ्यात दिसला तर खोडाचा आकार ताडून पाहता येतो, आणि फोटोच्या मागे छायाचित्रकाराच्या स्टुडिओचा शिक्का असेल तर फोटोचाही काळ कळतो.

हे वाचन कागदावर उतरवावे. प्रत्येक दागिन्याचे पुढून, मागून आणि आकड्याच्या जागेचे फोटो काढावेत, वजन लिहावे, घरातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे शब्दशः टिपावे आणि त्याखाली दागिन्यावर काय दिसले ते वेगळे लिहावे. मोड म्हणून सराफाकडे नेण्याआधी हे व्हायला हवे, कारण मोडीत भाव फक्त वजनाचा आणि कसाचा मिळतो. खडे काढून ठेवले जातात, डांक, लाख आणि हाताचे काम यांना किंमत शून्य. मोठे हिरे, माणिक किंवा बसरा असण्याची शक्यता असलेले मोती असतील, तर विक्रीत हात न गुंतलेल्या रत्नप्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मूल्यांकनासाठी दागिना एका हातात देऊन, प्रमाणपत्र दुसऱ्याकडून मिळवावे.

परदेशात राहणाऱ्या मुलांना दागिने द्यायचे असतील, तर वयाचा प्रश्न कायद्याचाही होतो. पुरावस्तू व कलासंपदा कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची गणना पुरावस्तूंत होऊ शकते आणि अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दागिना तितका जुना नसल्याचे पाहून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तसे प्रमाणपत्र देते. प्रवासाच्या आधी ते मागून घ्यावे आणि अर्जासोबत वर सांगितलेली टिपणे व फोटो जोडावेत.